शीशमहालातली उभी चौकट

अंधेरीच्या मोहन स्टुडिओत ‘मुघल-ए-आझम’साठी उभारलेल्या शीशमहालाविषयी मुलुंडच्या एका वाचनालयात मला बोलायचे होते. कार्यक्रम करणाऱ्या मुलांनी आधी सगळ्यांना फोनवर पाठवायला अर्ध्या मिनिटाची उभी चित्रफीत मागितली. शीशमहालातल्या नृत्याचा तुकडा मी आडव्याचे उभे करून देणाऱ्या एका प्रोग्रॅमला दिला. परत आलेल्या तुकड्यात सुरुवातीला अनारकली मधोमध होती. पण आरशांत तिची प्रतिबिंबे उमटली आणि चौकट भांबावली. ती एका प्रतिबिंबावरून दुसऱ्यावर सरकत राहिली आणि शेवटी दोघांच्या मधल्या रिकाम्या काचेवर थांबली.

असे का होते? गूगलने २०२० मध्ये ‘ऑटोफ्लिप’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली, तेव्हा तिची रीतही जाहीर केली होती. आधी चित्रफितीचे शॉट वेगळे केले जातात. मग प्रत्येक शॉटमध्ये चेहरे, माणसे, वस्तू शोधून त्यांना महत्त्व दिले जाते. शेवटी चौकटीचा मार्ग ठरतो: ती स्थिर ठेवायची, एका वेगाने सरकवायची, की विषयाच्या मागे न्यायची. चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीमागे चौकट धावली तर स्थिर कॅमेऱ्याने टिपलेले खांबही डुलू लागतात, म्हणून हा मार्ग गुळगुळीत केला जातो. तो फार गुळगुळीत झाला तर गिरकी घेणारी नर्तकी चौकटीच्या कडेला जाते, आणि पसरलेले हात तर हमखास कापले जातात.

शीशमहालात अडचण दुसऱ्या पायरीवर येते. चेहरा शोधणाऱ्याला आरशातला चेहराही चेहराच. पण के. आसिफ आणि छायाचित्रकार आर. डी. माथुर यांच्या त्या दृश्याचा विषय एक चेहरा नाहीच. बादशहाच्या दरबारात एक नर्तकी जिकडे पाहावे तिकडे दिसते, तिच्यापासून नजर चुकवता येत नाही, हा विषय आहे. त्यातले एक प्रतिबिंब कापून काढले की उरते ते आरशातल्या एका बाईचे चित्र. अकबर बघतो आणि त्याच्या नजरेसमोरचे सगळे चौकटीबाहेर राहते, तिथेही असेच होते. यंत्राला नजरेचे महत्त्व कळण्यासाठी नजर ‘वस्तू’ असावी लागते. ती तशी नसते.

दुसरी चूक मात्र माझी होती, आणि ती मला जास्त शिकवून गेली. मी तुकडा घेतला होता २००४ च्या दिवाळीत प्रदर्शित झालेल्या रंगीत आवृत्तीतून. १९६० चा मूळ चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचा, म्हणजे उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. रंगीत आवृत्ती सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी बसवली गेली. चित्र न ताणता १.३७ ची चौकट २.३५ ची करायची तर वरून-खालून कापावेच लागते आणि उंची सुमारे ५८ टक्के उरते. त्यातून फोनची ९:१६ ची उभी पट्टी काढली की रुंदीचा चौथा हिस्साही उरत नाही. दोन्ही काप मिळून मूळ चित्राचा सातवा हिस्सा हाती लागतो. तीच पट्टी मूळ चौकटीतून काढली तर ४१ टक्के चित्र राहते आणि उंची पूर्ण मिळते. डोक्यावरचे छत आणि खालची नर्तकी जिथे एकाच चित्रात आहेत, तिथे उभी चौकट मूळ प्रतीला खरे तर मानवते. रुंद आवृत्तीत ते छत आधीच गेलेले असते, आणि कितीही हुशार प्रोग्रॅम ते परत आणू शकत नाही.

मग मी मूळ चौकटीची प्रत घेतली आणि काम हाताने केले. एकट्या अनारकलीच्या शॉटना स्थिर चौकट पुरली. दोन ठिकाणीच सुरुवातीची आणि शेवटची जागा ठरवून ती हळू सरकवली. प्रतिबिंबांचे शॉट कापलेच नाहीत. वर-खाली काळी पट्टी ठेवून पूर्ण चित्र दिले. ऑटोफ्लिपही आवश्यक भाग मावत नसेल तर अशी पट्टी जोडते. फक्त काय आवश्यक आहे ते तिला कोणीतरी सांगावे लागते. तपासायला आवाज बंद करून तुकडा पाहिला आणि प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारला: इथला माणूस ज्याकडे बघतो आहे, ते या शॉटमध्ये किंवा पुढच्यात मला दिसते का?

मुलांना काळ्या पट्ट्या आवडल्या नाहीत. फोनचा अर्ध्याहून अधिक पडदा वाया जातो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. मी त्यांना दोन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवले. एक मुलगी म्हणाली, “काका, पहिल्यात आरसे कुठे होते?”

पट्ट्यांसकट तुकडा गेला.