म्हाताऱ्यांना कळेल असे

फलटण हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. पंथाच्या परंपरेप्रमाणे पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी इथलेच. माझे बालपण तिथल्या आबासाहेबांच्या मंदिराच्या आसपास गेले. पुढे आठवणी लिहावयास बसलो तेव्हा पहिले वाक्य असे उतरले : ‘सांध्यसमयी पितामहीच्या करांगुलीस धरून मी देवालयाप्रत गमन करीत असे.’ वाक्यावर मी मोठा खूष झालो. मग ध्यानात आले, की आमच्या घरी पितामही कधी नव्हतीच. होती ती आजी.

हे कोडे मला सोडवून दिले म्हाइंभटांनी. हे शास्त्रांत मुरलेले पंडित. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी जमवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जायचे, त्याच्याकडून ते ऐकायचे आणि नागदेवाचार्यांशी पडताळून पाहायचे, अशी त्यांची रीत. त्यातून इ. स. 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ झाले. वाक्ये लहान, क्रियापदे रोजची. गाव कोणते, कोण काय म्हणाले, पुढे काय झाले, एवढेच. पांडित्य मिरवण्याची सोय असून म्हाइंभटांनी ते बाजूला ठेवले.

त्यांच्याच मंडळीतले केशिराजबास संस्कृतात रचना करीत. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांच्या बोलण्याचा भाव ‘स्मृतिस्थळा’त आहे. शैलीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला : समोर ऐकायला कोण बसले आहे ते आधी पाहा.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ पोथी धाडीत गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. पाठभेदही पुष्कळ. तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा बोललेला, असे म्हणता येत नाही. सांगण्याची धाटणी तेवढी टिकली.

मी माझे वाक्य त्या रीतीने तपासले. कोण? आजी. कुठे? देवळाच्या वाटेवर. काय झाले? आणि मी अडखळलो. मी तिची करांगुली कधी धरलीच नव्हती. तिनेच माझे मनगट धरलेले असायचे. इतके घट्ट, की दुखायचे. माझ्या आधीचा तिचा एक नातू देवीच्या साथीत गेला होता. उसन्या शब्दांनी वाक्य नुसते जड केले नव्हते, खोटे केले होते. धरणारा हातच बदलला होता.

उलट टोकही तितकेच फसवे. मुद्दाम गावठी बोलणे आणले असते, तर तेही उसनेच झाले असते. मी तसे बोलत नाही.

आता वाक्य असे आहे : ‘दिवे लागले, की आजी माझे मनगट धरून मला देवळात न्यायची. हात दुखायचा. पण ती सोडायची नाही.’

हे वाचून दाखवले असते, तर तिला कळले असते.