ब्रॅडन श्रेणी : पूर्वचाचणीतील सहसंबंध आणि एकमत

परिचर्या संशोधनात साधनाच्या पूर्वचाचणीचा निष्कर्ष बहुधा एका सहसंबंध गुणांकात दिला जातो. तो पुरेसा असतो काय, याचे उत्तर शय्याव्रणांचा धोका मोजणाऱ्या ब्रॅडन श्रेणीच्या इतिहासात सापडते.

बार्बरा ब्रॅडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या या श्रेणीत संवेदना, त्वचेचा ओलावा, हालचाल, स्थितिबदलाची क्षमता, आहार आणि घर्षण असे सहा घटक असून एकूण गुण ६ ते २३ असतात. गुण जितके कमी, तितका धोका अधिक. १९८७ मध्ये 'नर्सिंग रिसर्च' या नियतकालिकात तिच्या विश्वसनीयतेचे तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. गुणांक ०.८३ ते ०.९९ होते, मात्र दोन निरीक्षकांनी तेच गुण देण्याचे प्रमाण ११ ते ८८ टक्के होते. ८८ टक्के एकमत नोंदणीकृत परिचारिकांमध्ये आढळले, तर नीचांक अन्य परिचर्या कर्मचाऱ्यांमध्ये होता.

ही विसंगती कशी उद्भवते? समजा, परिचारिकेने तीन रुग्णांना १२, १५, १७ आणि मदतनिसाने त्यांनाच १४, १७, १९ गुण दिले. क्रम व अंतर तेच असल्याने सहसंबंध पूर्ण १ येतो; एकमत मात्र शून्य. १६ वा त्याहून कमी गुण म्हणजे धोका, असे मानल्यास दुसरा रुग्ण परिचारिकेच्या नोंदीत धोक्यात असतो, मदतनिसाच्या नोंदीत नसतो. त्याची कूस बदलायची की नाही, हे यावरच ठरणार असते!

अशा वेळी एकूण गुणांवर न थांबता घटकवार फरक पाहावा लागतो. 'अधूनमधून चालतो' आणि 'वारंवार चालतो' एवढीच शीर्षके वाचली, तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावील. ब्रॅडन श्रेणीत दुसऱ्या पर्यायासाठी दिवसातून किमान दोनदा खोलीबाहेर आणि जागेपणी दर दोन तासांनी एकदा खोलीत चालणे अपेक्षित आहे. वर्णन वाचूनही फरक उरल्यास शब्दरचना बदलावी, निरीक्षकांना प्रशिक्षण द्यावे किंवा नोंद ठरावीक पात्रतेच्या व्यक्तींकडेच ठेवावी. त्यानंतर नव्या रुग्णांवर पुन्हा चाचणी घेणे आवश्यक ठरते. ही शेवटची पायरी आपल्याकडील प्रबंधांत वेळेअभावी गळते, असा प्रस्तुत लेखिकेचा अनुभव आहे.

सीमारेषेचाही प्रश्न होता. १९८७ च्याच लेखात ९९ व १०० रुग्णांच्या दोन गटांत व्रण न झालेल्यांना योग्य ओळखण्याचे प्रमाण अनुक्रमे ९० व ६४ टक्के आले. साधन तेच, रुग्णविभाग वेगळा. पुढे १९९८ मध्ये बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी विविध प्रकारच्या संस्थांतील ८४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही सीमारेषा १८ वर नेण्यात आली.