घरभाडे भत्त्यावरील आयकर सूट

घरभाडे भत्त्यावरील आयकर सूट ही भारतातील आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१३अ) अन्वये पगारदार करदात्यांना मिळणारी सवलत आहे. नियोक्त्याने घरभाड्यासाठी दिलेल्या भत्त्याचा ठरावीक भाग या कलमामुळे करपात्र उत्पन्नातून वगळला जातो. हा भाग किती असावा, हे आयकर नियम, १९६२ मधील नियम २अ प्रमाणे ठरते. संपूर्ण भत्ता करमुक्त असतो असा समज आढळतो, तो बरोबर नाही. सूट पगार, प्रत्यक्ष दिलेले भाडे आणि भाड्याचे घर असलेले शहर या तिन्हींवर अवलंबून असते.

पात्रता

कर्मचाऱ्यास पगाराचा भाग म्हणून घरभाडे भत्ता मिळत असला पाहिजे, तो भाड्याच्या घरात राहत असला पाहिजे आणि भाडे त्याने प्रत्यक्ष दिलेले असले पाहिजे. स्वतःच्या मालकीच्या घरात किंवा भाडे न देता नातेवाइकांकडे राहणाऱ्यांचा भत्ता पूर्णपणे करपात्र ठरतो.

ही सूट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. कलम ११५बीएसी खालील नव्या करप्रणालीत ती उपलब्ध नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होत असल्यामुळे, सूट हवी असल्यास करदात्याला जुन्या प्रणालीची निवड करावी लागते.

गणनेची पद्धत

पुढील तीन रकमांपैकी जी सर्वांत कमी असेल, तेवढीच सूट मिळते:

१. त्या कालावधीत प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता;
२. दिलेल्या भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम;
३. घर मुंबई, कोलकाता, दिल्ली किंवा चेन्नई येथे असल्यास पगाराचे ५० टक्के, अन्यत्र असल्यास ४० टक्के.

दुसऱ्या रकमेमागील तत्त्व असे की, पगाराच्या दहाव्या भागाएवढे भाडे कर्मचाऱ्याने स्वतः सोसावे आणि त्यापुढील भाड्याचाच सवलतीसाठी विचार व्हावा. म्हणून भाडे पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर भत्ता कितीही मोठा असला तरी सूट शून्य होते.

'पगार' या संज्ञेचा अर्थ

या नियमापुरता पगार म्हणजे मूळ वेतन. नोकरीच्या अटींनुसार महागाई भत्ता निवृत्तिलाभांसाठी धरला जात असेल, तर तो त्यात मिळवला जातो. विक्रीच्या ठरावीक टक्क्याने मिळणारे कमिशनही धरले जाते. विशेष भत्ता, वाहतूक भत्ता, बोनस इत्यादी रकमा वगळल्या जातात. त्यामुळे एकूण वेतन समान असलेल्या दोन कर्मचाऱ्यांची सूट वेगळी येऊ शकते. मूळ वेतन कमी असल्यास तिसरी मर्यादा खाली येते. मात्र भाड्यातून वजा होणारे १० टक्केही कमी होतात.

शहराचा प्रकार

नियमात शहराचा विचार भाड्याचे घर कोठे आहे यावरून होतो. कार्यालय कोठे आहे याला महत्त्व नाही. मुंबईत नोकरी करून ठाणे किंवा नवी मुंबई येथे राहणाऱ्याला ४० टक्क्यांची मर्यादा लागू होते. दिल्लीत काम करून गुरुग्राम किंवा नोएडा येथे राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नियम २अ मध्ये केवळ चार शहरांची नावे असल्याने पुणे, बंगळूर व हैदराबाद येथील भाडे कितीही जास्त असले तरी त्या नियमाखाली मर्यादा ४० टक्केच राहते.

उदाहरण

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये आणि निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता १०,००० रुपये होता, असे मानू. नियमाच्या दृष्टीने त्याचा पगार दरमहा ५०,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा ३,००,००० रुपये होतो. एप्रिल ते सप्टेंबर तो पुण्यात राहिला. तेव्हा दरमहा घरभाडे भत्ता २०,००० रुपये व भाडे १५,००० रुपये होते. ऑक्टोबरमध्ये त्याची मुंबईला बदली झाली. मार्चपर्यंत भत्ता दरमहा २८,००० रुपये व मुंबईतील घराचे भाडे ३४,००० रुपये होते.

| | पुणे (६ महिने) | मुंबई (६ महिने) |
|---|---|---|
| मिळालेला भत्ता | १,२०,००० | १,६८,००० |
| भाडे वजा पगाराचे १० टक्के | ९०,००० − ३०,००० = ६०,००० | २,०४,००० − ३०,००० = १,७४,००० |
| पगाराचे ४० किंवा ५० टक्के | १,२०,००० | १,५०,००० |
| सूट (सर्वांत कमी रक्कम) | ६०,००० | १,५०,००० |

पुण्यात कमी भाड्यामुळे, तर मुंबईत शहराच्या मर्यादेमुळे सूट अडते. वर्षाची एकूण सूट २,१०,००० रुपये होते. मिळालेल्या २,८८,००० रुपयांच्या भत्त्यापैकी उरलेले ७८,००० रुपये करपात्र उत्पन्नात धरले जातात.

याच कर्मचाऱ्याने मुंबईऐवजी ठाण्यात त्याच भाड्याचे घर घेतले असते, तर दुसऱ्या सहामाहीची तिसरी रक्कम १,२०,००० रुपये झाली असती आणि वर्षाची सूट १,८०,००० रुपयांवर आली असती.

कालावधीनुसार गणना

पगार, भत्ता, भाडे किंवा शहर यांपैकी काहीही वर्षाच्या मध्ये बदलल्यास प्रत्येक कालावधीची गणना स्वतंत्रपणे करून उत्तरांची बेरीज करावी लागते. वर्षभराचे आकडे आधी एकत्र केल्यास उत्तर चुकते. वरील उदाहरणात वार्षिक भाडे २,९४,००० रुपये असून त्यातून वार्षिक पगाराचे १० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये, वजा केल्यास २,३४,००० रुपये उरतात. वार्षिक भत्ता २,८८,००० रुपये आहे, आणि वार्षिक पगाराचे ४० टक्के घेतले तरी २,४०,००० रुपये होतात. त्यामुळे २,३४,००० रुपये हीच सर्वांत कमी रक्कम दिसते. ही सूट योग्य रकमेपेक्षा २४,००० रुपयांनी जास्त आहे. मुंबईतील जादा भाड्याने पुण्यातील कमी भाड्याची तूट भरून काढल्यामुळे हा फरक पडतो. नियमाला असे समायोजन मान्य नाही.

पुरावे

कर्मचारी नमुना १२बीबी मध्ये भाड्याचा तपशील व घरमालकाचे नाव-पत्ता नियोक्त्याला देतो आणि सोबत भाडेपावत्या जोडतो. वार्षिक भाडे एक लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. नियोक्त्याला वेळेत माहिती न दिल्यास पगारातून जास्त कर कापला जातो, तथापि आयकर विवरणपत्र भरताना सूट मागून जादा कराचा परतावा मिळवता येतो.

आई-वडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना दिलेले भाडेही ग्राह्य असते. मात्र रक्कम खरोखर दिलेली असावी लागते आणि ती आई-वडिलांचे भाड्याचे उत्पन्न ठरते. बँकेमार्फत भाडे दिल्यास व भाडेकरार केलेला असल्यास व्यवहार सिद्ध करणे सोपे जाते.

भत्ता न मिळणाऱ्यांसाठी तरतूद

ज्यांना घरभाडे भत्ता मिळत नाही, त्यांच्यासाठी जुन्या करप्रणालीत कलम ८०जीजी खाली वेगळी वजावट आहे. तिची कमाल मर्यादा दरमहा ५,००० रुपये असून तिथे शहरानुसार फरक केला जात नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, १९६१ ची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. या लेखातील कलमांचे व नियमांचे क्रमांक, शहरांची विभागणी आणि गणना १९६१ च्या अधिनियमाखालील आहेत.