शुक्र वक्री आणि परतून येणारा जोडीदार : एका समजुतीचा शोध

जन्मपत्रिकेत शुक्राशेजारी ‘व’ हे अक्षर असेल, म्हणजे जन्मसमयी शुक्र वक्री असेल, तर अशा व्यक्तीला आजकाल बहुधा तीन गोष्टी ऐकवल्या जातात. तुम्ही प्रेम मनात ठेवता, कबुली देताना कचरता आणि जुनी माणसे तुमच्या आयुष्यात पुन्हा येतात. ‘आपल्या ऋषींनी सांगितले आहे’ अशी पुस्तीही अनेकदा जोडली जाते. मित्रांनो, आजच्या धाग्यात या तीन विधानांचे वय तपासू. त्यांतले एकच खरोखर प्राचीन आहे, आणि ते मुळात जन्मपत्रिकेविषयी नव्हतेच.

आधी आकाशात काय घडते ते पाहू. शुक्र सूर्याभोवती सुमारे २२५ दिवसांत फिरतो, पृथ्वी ३६५ दिवसांत. आतल्या कक्षेतून जाणारा शुक्र दर ५८४ दिवसांनी पृथ्वीला गाठतो आणि मागे टाकतो. त्या सुमारास तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ४२ दिवस उलट सरकताना दिसतो. हाच वक्री काळ. याच्या मध्यावर शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो व काही दिवस दिसेनासा होतो. त्यापूर्वी तो संध्याकाळी पश्चिमेला दिसत असतो. त्यानंतर उगवतो तो पहाटे, पूर्वेला. जाणे, नाहीसे होणे आणि परत येणे ही सारी कथा आकाशातच लिहिलेली आहे. माणसांनी तिचा अर्थ लावायला सुरुवात केली ती फार पूर्वी.

बाबिलोनचा राजा अम्मिसदूका याच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. सतराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शुक्राच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर टिकून आहेत. उपलब्ध प्रती निनवेच्या ग्रंथालयातून मिळालेल्या, बऱ्याच नंतरच्या. शुक्र कधी मावळला, किती दिवस अदृश्य राहिला, कधी उगवला, अशा २१ वर्षांच्या या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीपुढे भाकीतही आहे, पण ते पाऊस, पीक, राजे आणि युद्ध यांचे. कोणा एकाच्या प्रेमाचा तिथे मागमूस नाही, कारण व्यक्तीची जन्मपत्रिका ही कल्पनाच पुष्कळ नंतरची.

जोडीदाराच्या परतण्याचा धागा सापडतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. सिडॉनच्या डोरोथियसने ज्योतिषावर ग्रीक पद्यात पाच भागांचा ग्रंथ रचला. मूळ ग्रीक ग्रंथ जवळजवळ हरपला. तो पहलवीतून अरबीत गेला आणि मुख्यतः त्या अरबी रूपातच आपल्यापर्यंत पोहोचला. त्याचा पाचवा भाग जन्मपत्रिकेचा नाही. कार्यारंभ कधी करावा, हाती घेतलेल्या गोष्टीचे पुढे काय होईल, अशा प्रश्नांचा तो आहे. त्यात एक प्रश्न असा : पत्नी भांडून घर सोडून गेली, ती परत येईल का? ती निघाली त्या वेळचा शुक्र पाहावा, तो वक्री असेल तर ती परत येईल, असे त्याच्या नियमांचे सार. शुक्र म्हणजे स्त्री. शुक्र मागे वळला तर स्त्रीही मागे वळेल. इतका सरळ हा साधर्म्याचा तर्क आहे.

हा नियम दीर्घायुषी ठरला. १६४७ साली लंडनच्या विल्यम लिलीने इंग्रजीत ज्योतिषाचा मोठा ग्रंथ छापला. त्यातही घर सोडून गेलेल्या पत्नीचा प्रश्न आहे आणि वक्री शुक्र असता ती आपण होऊन, पश्चात्तापाने परत येते असेच उत्तर आहे. मला इथे प्रश्नाची रचना अधिक बोलकी वाटते. त्यात उत्सुकता आहे ती घरी राहिलेल्या नवऱ्याला. गेलेल्या बाईला काय हवे होते, हे ज्योतिष्याला कोणी विचारत नाही. शिवाय उत्तर त्या एका घटनेपुरते आहे; जन्मभर चिकटणाऱ्या स्वभावाविषयी त्यात काही नाही.

मग ‘आपल्या ऋषींचे’ काय? भारतीय जातकग्रंथांची दिशा जवळजवळ उलटी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त ग्रहांचे चेष्टाबल सांगितले आहे, म्हणजे गतीमुळे मिळणारे बळ. त्यात वक्री ग्रह बलवान मानला आहे आणि विपुल किरणांचा ग्रहही. कल्याणवर्म्याची ‘सारावली’ पुढे जाऊन म्हणते की वक्री शुभग्रह राज्य देणारे असतात, पापग्रह मात्र संकटात टाकतात. शुक्र शुभग्रह, तेव्हा या हिशेबाने वक्री शुक्राचा जातक भाग्यवानच. यामागे निरीक्षण असावे असे मला वाटते. वक्री काळात शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे चार कोटी किलोमीटरवर येतो, आणि त्या काळाच्या आगेमागेच तो सर्वाधिक तेजस्वी दिसतो. मराठी पंचांगे लग्नासाठी शुक्राचा अस्त वर्ज्य सांगतात, तो नियमही अदृश्यतेचा आहे, उलट्या गतीचा नव्हे. कचरणारा, अबोल प्रेमिक या ग्रंथांच्या वक्री शुक्रात मला भेटत नाही.

तो भेटतो विसाव्या शतकात. डेन रुध्यार याने १९३६ मध्ये ज्योतिषाची सांगड युंगच्या मानसशास्त्राशी घातली आणि ग्रह घटनांऐवजी मनोव्यापार सांगू लागले. या भाषेत मागे वळणे म्हणजे आत वळणे झाले. वक्री शुक्र म्हणजे आत वळलेले प्रेम, आणि म्हणून संकोच. १९९२ मध्ये एरिन सलिव्हन यांनी केवळ वक्री ग्रहांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले, तेव्हा ही भाषा चांगलीच रुळली होती. डोरोथियसची परतणारी पत्नीही या मांडणीत सामावली. फक्त आता ती ‘जुना जोडीदार’ झाली आणि प्रश्नाच्या क्षणातून उठून जन्मपत्रिकेत येऊन बसली.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, कोणाचा जन्म २० ऑगस्ट १९९९ चा आहे. त्या दिवशी शुक्र वक्री काळाच्या ऐन मध्यावर होता. शुक्राचे पाच फेरे जवळजवळ नेमके आठ वर्षांत पूर्ण होतात, त्यामुळे तशीच स्थिती १८ ऑगस्ट २००७, १५ ऑगस्ट २०१५ आणि १३ ऑगस्ट २०२३ च्या सुमारास आली. राशिचक्रातील जागाही दर वेळी दोन-अडीच अंशांनीच सरकली. ‘सोळाव्या वर्षी जो भेटला तो चोविसाव्या वर्षी परत येतो’ हे भाकीत या गणितावर उभे राहते. गणित निर्दोष आहे. पण चोविसाव्या वर्षी शाळेतली जुनी ओळख पुन्हा डोके वर काढते, ती शुक्र मार्गी असलेल्यांच्याही बाबतीत. ५८४ पैकी ४२ दिवस म्हणजे साधारण दर चौदा जणांत एक वक्री शुक्राचा. जुना जोडीदार परतण्याचा अनुभव मात्र चौदांत एकापुरता राखीव नाही, आणि उरलेल्या तेरा जणांना कोणी विचारल्याशिवाय ताळा जमणार कसा?

खरा त्रास होतो तो स्थळ पाहताना. ‘मुलीचा शुक्र वक्री आहे, ती मोकळी होणार नाही’ असे कोणी परंपरेच्या नावाने सांगितले, तर त्या ज्योतिष्याकडे वराहमिहिराचे चेष्टाबल जरूर मागावे. स्वभावदोषाचे हे वाक्य शंभरेक वर्षांच्या आतले आहे, तेही पश्चिमेकडून आलेले. १९९९ च्या त्या मालिकेतला पुढचा शुक्र ऑगस्ट २०३१ मध्ये वक्री असेल. संध्याकाळचा तारा पश्चिमेला उतरत जाऊन लुप्त होईल आणि थोड्याच दिवसांत पहाटे पूर्वेला दिसू लागेल. पावसाळी ढगांनी वाव दिला तर साध्या डोळ्यांनी पाहता येईल.