पर्णखंडापासून स्नेक प्लांट: मूलन, अंकुरण आणि पिवळ्या किनारीचा लोप

प्रथम संज्ञा निश्चित करू. स्नेक प्लांटचे, म्हणजे सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिआटाचे (२०१७ पासून ड्रॅसिना प्रजातीत समाविष्ट) पान आडवे कापून जो तुकडा मिळतो, त्याला येथे पर्णखंड म्हटले आहे. या खंडाला मुळे फुटणे म्हणजे मूलन, आणि त्याच्या बुडाशी नवी कळी निर्माण होणे म्हणजे अंकुरण. पर्णखंड स्वतः कधीही झाड होत नाही. त्याची उंची वाढत नाही आणि त्याच्या कापलेल्या वरच्या कडेतून पालवी येत नाही. नवे झाड बुडाच्या कळीतून तयार होणाऱ्या मूलक्षोडातून, म्हणजे मातीतल्या आडव्या खोडातून, वर येते. पर्णखंड हे त्या झाडाचे केवळ अन्नाचे कोठार असते. हा भेद ध्यानात न घेतल्याने तुकडाच वाढेल अशी वाट पाहिली जाते, आणि निराशेचा उगम बहुधा तेथेच असतो.

मूलन आणि अंकुरण या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. वनस्पतीच्या ऊतीत ऑक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण अधिक असता मुळांकडे आणि सायटोकायनिनचे अधिक असता कळ्यांकडे कल होतो, हे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवले. बाजारातली मुळे फुटवण्याची पावडर ऑक्सिनवर्गीय असते. तिने मूलन लवकर होऊ शकते, पण अंकुरणाला तिचा उपयोग नाही. उबदार ऋतूत मूलनाला साधारण एक ते दोन महिने लागतात. अंकुर दिसण्यास त्यानंतर आणखी काही महिने जातात, कधी वर्षही लोटते.

ऑक्सिनचा प्रवाह पानात शेंड्याकडून बुडाकडे असतो. त्यामुळे खंडाचा जो भाग मूळ झाडावर खाली होता, तोच मातीत खाली गेला पाहिजे. उलटा लावलेला खंड मूळ धरत नाही. कापल्यावर दोन्ही टोके सारखीच दिसतात, म्हणून कापतानाच वरची कड तिरकी आणि खालची सरळ ठेवावी.

आता निष्फळतेचे प्रकार पाहू. ते तीन आहेत: कुजणे, मुळे फुटूनही अंकुर न येणे, आणि अंकुर येऊनही तो मूळ झाडासारखा नसणे.

कुजणे हा पहिला प्रकार कापलेल्या जागेतून सुरू होतो. ताजी जखम ओल्या मातीत गेली की बुरशी व जीवाणू आत शिरतात. म्हणून खंड सावलीत दोन ते चार दिवस कोरडा ठेवावा. कापलेल्या कडेवर कोरडी खपली धरली की मगच तो दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावा. मातीत जाड वाळू किंवा परलाइट निम्म्याने असावे. नुसते कोकोपीट पाणी फार धरून ठेवते. एकदा पाणी दिल्यावर वरचा थर पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा देऊ नये. महाराष्ट्रात या कामास चैत्र-वैशाख अनुकूल, कारण पावसाळ्यात कुंडी वाळत नाही आणि थंडीत वाढ मंदावते. बूड मऊ, तपकिरी व दुर्गंधीयुक्त झाले तर कूज निश्चित समजावी. तेवढा भाग घट्ट ऊतीपर्यंत कापून, पुन्हा वाळवून खंड नव्याने लावता येतो.

दुसरा प्रकार ओळखणे कठीण, कारण खंड हिरवाच असतो. स्नेक प्लांटची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली राहतात. त्यामुळे पाणी फार कमी खर्ची पडते, आणि मुळांशिवायही पान कित्येक आठवडे टवटवीत राहते. हिरवेपणा हा मूलनाचा पुरावा नव्हे. खंड हलकेच वर ओढून पाहावा. माती धरून ठेवते असे जाणवले, तरच मुळे आहेत.

पाण्यात लावण्याचा विचार याच ठिकाणी करणे इष्ट. पाण्यात मुळे डोळ्यांना दिसतात, हा या पद्धतीचा खरा लाभ. खंडाचे बूड दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे आणि पाणी आठवड्यातून एकदा बदलावे, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू घटतो. पण नुसत्या पाण्यात पोषण नसते. अंकुरणाचा सारा भार पानातल्या साठ्यावर पडतो, आणि ते रेंगाळते. शिवाय पाण्यातली मुळे ठिसूळ असतात, मातीत नेताना काही मोडतात आणि उरलेल्यांना जुळवून घ्यावे लागते. मुळे तीन-चार सेंटिमीटर झाली की खंड मातीत हलवणे हेच योग्य. वर्षभर बाटलीत ठेवून अंकुराची प्रतीक्षा करणे मला समर्थनीय वाटत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे, आणि कौशल्याने तो टळत नाही. स्नेक प्लांटच्या पानावर दोन प्रकारची चिन्हे असतात. गडद-फिक्या हिरव्या रंगाचे आडवे पट्टे प्रत्येक पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याने नियंत्रित असल्याने नव्या झाडात ते येतात. ‘लॉरेंटी’ या वाणाची पिवळी किनार मात्र तशी नाही. हे झाड कायमेरा आहे, म्हणजे एकाच देहात दोन भिन्न पेशीवंश थरांनी राहतात: हरितद्रव्य बनवू शकणारा आणि न बनवू शकणारा. वर्धनबिंदूत हे थर एकमेकांवर नेमक्या क्रमाने असतात. हा क्रम टिकतो तोवर प्रत्येक नव्या पानाला कडेशी पिवळा आणि मध्ये हिरवा भाग मिळतो.

पर्णखंडात हा वर्धनबिंदू नसतोच. नवी कळी बुडाच्या आतल्या ऊतीतील पेशींपासून नव्याने घडते, आणि त्या पेशी हिरव्या वंशाच्या असतात. म्हणून झाड येते ते पूर्ण हिरवे, फक्त आडव्या पट्ट्यांचे. त्याउलट कळी केवळ पिवळ्या ऊतीतून निघाली, तर हरितद्रव्याच्या अभावी ती तगत नाही. दोन्ही वंश योग्य क्रमाने पुन्हा एकत्र येतील, असा मार्ग पर्णखंडात नाही.

एक उदाहरण घेऊ. लॉरेंटीचे ५६ सेंटिमीटरचे पान चैत्रात कापले आणि आठ-आठ सेंटिमीटरचे सात खंड केले. चार मातीत, तीन पाण्यात. खंडांच्या दोन्ही कडांना पिवळी किनार स्पष्ट आहे आणि ती शेवटपर्यंत राहील. ज्येष्ठापर्यंत मुळे, दिवाळीच्या सुमारास एखाद्या मातीतल्या खंडाशेजारी टोकदार हिरवा अंकुर, आणि पाण्यातले खंड अजून मुळांवरच, असा क्रम अपेक्षित. तो अंकुर हिरवा पाहून लावणाऱ्याला वाटते, किनार नंतर येईल. ती येत नाही. खंड आणि अंकुर शेजारी असून वेगळे दिसतात, यात चूक कोणाचीच नाही.

तेव्हा उद्देशानुसार निवड करावी. पट्टेरी हिरवे झाड किंवा बुटके ‘हानी’ हवे असेल तर पर्णखंड पुरेसा. ‘लॉरेंटी’ किंवा ‘गोल्डन हानी’ हवे असेल तर कुंडी रिकामी करून मूलक्षोड पाहावे, आणि किमान एक पर्णगुच्छ व स्वतःची मुळे असलेला तुकडा धारदार सुरीने वेगळा करावा. त्यात वर्धनबिंदू अखंड असतो, म्हणून किनारही येते. कापलेली कड एक दिवस वाळवून हा तुकडा लावला, तर पुढची पाने बहुधा त्याच ऋतूत दिसतात.