सदिश शोधातील नकार

सदिश शोधातील नकार ही माहिती-शोध शास्त्रातील एक समस्या आहे. शोधणाऱ्याने जे वगळण्यास सांगितले असते, नेमके तेच एम्बेडिंगवर आधारित शोधप्रणाली अनेकदा निकालांत वर आणते.

== स्वरूप ==
एम्बेडिंग म्हणजे मजकुराच्या अर्थाचे संख्यांच्या मालिकेत, अर्थात सदिशात, केलेले रूपांतर होय. प्रश्न व लेख या दोहोंचे सदिश काढून ज्या लेखाचा सदिश प्रश्नाच्या सर्वांत जवळ असेल, तो प्रथम दाखवला जातो. त्यामुळे प्रणाली जवळीक मोजते. अट तपासत नाही.

== उदाहरण ==
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथील ३४ प्रमुख लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. ‘वेरूळमधील बौद्ध नसलेली लेणी’ असा शोध घेतल्यास कैलास लेणे (क्र. १६) किंवा इंद्रसभा (क्र. ३२) यांचे लेख अपेक्षित असतात. प्रत्यक्षात विश्वकर्मा चैत्यगृहाचा (क्र. १०) लेख वर येऊ शकतो, कारण त्यात ‘वेरूळ’, ‘बौद्ध’ आणि ‘लेणे’ या तिन्ही कल्पना आहेत. कैलास लेण्याच्या लेखात ते शिवमंदिर असल्याचे लिहिलेले असते. ते बौद्ध नसल्याचे सहसा कोणी लिहीत नाही.

== कारणे ==
शब्दांचा अर्थ ही प्रारूपे त्यांच्या सोबतीच्या शब्दांवरून शिकतात. ‘बौद्ध असलेली’ आणि ‘बौद्ध नसलेली’ या रचना सारख्याच संदर्भांत येत असल्याने त्यांचे सदिशही जवळजवळ पडतात. संपूर्ण प्रश्न एकाच सदिशात सामावताना विषयवाचक शब्दांचे वजन टिकते आणि ‘नसलेली’ या शब्दाचा प्रभाव क्षीण होतो. शिवाय ‘बौद्ध सोडून सर्व’ हा अर्थ अवकाशातील एखाद्या बिंदूच्या आसपास सापडत नाही. मराठीत ‘शिवाय’ हा शब्द ‘वगळून’ आणि ‘आणखी’ अशा दोन्ही अर्थांनी येत असल्याने संदिग्धतेची भर पडते.

== ओळख ==
एकच प्रश्न नकारासह आणि नकाराविना विचारून पहिले दहा निकाल ताडून पाहतात. दोन्ही याद्या जवळपास सारख्या असल्यास नकार दुर्लक्षित झाला असे समजावे. २०२३ मध्ये मांडलेल्या ‘नेव्हआयआर’ या चाचणीत नकारापुरताच फरक असलेल्या लेखांच्या जोड्या वापरल्या गेल्या. तीत बहुतेक प्रारूपे अपयशी ठरली. प्रश्न व लेख एकत्र वाचणारी प्रारूपे तुलनेने सरस ठरली.

== उपाय व मर्यादा ==
शब्दाधारित शोधात अनेक ठिकाणी वजाचिन्ह वापरता येते:

```
वेरूळ लेणी -बौद्ध
```

परंतु कैलास लेण्याच्या लेखात शेजारच्या बौद्ध लेण्यांचा ओझरता उल्लेख असला, तरी तो लेखही गाळला जातो. प्रत्येक लेखास पंथाची स्वतंत्र नोंद जोडून आधी त्या नोंदीनुसार गाळणी लावणे व उरलेल्या लेखांत ‘वेरूळ लेणी’ असा नकारविरहित सदिश शोध घेणे अधिक विश्वसनीय ठरते. मात्र अशा नोंदी आधीच केलेल्या असाव्या लागतात.