अंकुश कोणाच्या हाती?

१९९० च्या जानेवारीत इंग्लंडवर एक भयंकर वादळ आले. लंडनमध्ये मोटार हाकीत चाललेल्या गॉर्डन के या नटाच्या गाडीची काच फोडून जाहिरातीच्या फलकाची एक फळी आत घुसली आणि त्याच्या मस्तकावर आदळली. दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी मालिकेमुळे हा नट तिकडे घरोघर माहीत होता. डोक्याला जबर इजा होऊन तो चेरिंग क्रॉस रुग्णालयात पडला. भेटीस येणाऱ्यांनी आधी परिचारिकांना विचारावे, अशी पाटी तेथे लावलेली होती. १३ फेब्रुवारीला 'संडे स्पोर्ट' या पत्राचा बातमीदार आणि छायाचित्रकार त्या पाटीकडे काणाडोळा करून आत शिरले, दिव्याचा लखलखाट करून फोटो काढले आणि 'मुलाखत' घेऊन बाहेर पडले. पाव तासाने विचारले तेव्हा, आपल्या खाटेशी कोणी येऊन गेले होते, हेही त्या बिचाऱ्याला आठवत नव्हते.

केच्या हितचिंतकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. मार्च महिन्यात अपील न्यायालयाने जे सांगितले ते ऐकून पुष्कळांना धक्का बसला. इंग्लंडच्या कायद्यात खासगी जीवनाचा हक्क म्हणून काही हक्कच नाही, तेव्हा त्याचा भंग कसा होणार? केने राजीखुशीने मुलाखत दिली, एवढे असत्य मात्र पत्राला छापता येणार नाही. बाकीचा मजकूर छापायला मोकळीक! घडले ते लाजिरवाणे आहे, पण उपाय करायचा तर तो पार्लमेंटने करावा, असे म्हणून न्यायमूर्ती थांबले.

आता कोणी विचारील, वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी संस्था तेथे नव्हती काय? होती तर! चांगली सदतीस वर्षांची होती. तिची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर पत्रांची मालकी मोजक्या धनिकांच्या हाती गोळा होत असल्याची ओरड झाली आणि १९४७ साली सरकारने एक शाही आयोग नेमला. आयोगाने १९४९ साली सुचविले की वृत्तपत्रांनी आपली एक परिषद आपणच स्थापावी. मालकांनी चार वर्षे नुसती चर्चा केली. शेवटी, तुम्ही करीत नसाल तर आम्ही कायदा करतो, अशी हालचाल पार्लमेंटात सुरू झाली तेव्हा कोठे १९५३ साली परिषद उभी राहिली. तीत सगळे वृत्तपत्रवालेच! बाहेरचा एकही माणूस नाही. पुढे १९६२ साली दुसऱ्या आयोगाने कान उपटले, तेव्हा १९६४ पासून काही सामान्य नागरिक आत घेतले गेले. वर्गातल्या मुलांनी आपला मॉनिटर आपणच निवडावा याला माझी हरकत नाही, पण गुरुजींची पावले जिन्यावर वाजली की तेवढ्यापुरता वर्ग शांत होतो, हे आम्हा शिक्षकांना नवे नाही. इंग्लंडातले स्वनियमन असे दर वेळी जिन्यावरच्या पावलांनी जागे झालेले दिसते.

केचे प्रकरण घडले तेव्हा डेव्हिड कॅलकट यांची समिती याच प्रश्नाचा विचार करीत बसलेली होती. १९९० च्या जूनमध्ये तिने सांगितले की वृत्तपत्रांना अखेरची संधी म्हणून अठरा महिने द्यावेत. त्यांनी नवी, खंबीर संस्था काढून दाखवावी, नाहीतर कायद्याने न्यायासन बसवावे. १९९१ च्या जानेवारीत 'प्रेस कंप्लेंट्स कमिशन' नावाची नवी पाटी लागली. दोन वर्षांनी कॅलकट पुन्हा पाहणी करायला आले आणि हे जमलेले नाही, कायदाच करा, असा निर्वाळा देऊन गेले. सरकारने तो सल्ला १९९५ साली बाजूला ठेवला. सत्तेवर असलेल्या पक्षाला वृत्तपत्रसम्राटांशी वैर परवडत नाही, हे कारण कोणी कागदावर लिहीत नाही इतकेच.

या कमिशनची घडण कशी होती ते नीट पाहिले पाहिजे, कारण सारे पाणी तेथेच मुरते. पैसा वृत्तपत्रांच्या वर्गणीतून येई. आचारसंहिता लिहिणारी समिती संपादकांची. दोषी ठरलेल्या पत्राने निर्णय छापायचा, हीच काय ती शिक्षा, दंड नाही. आणि सभासदत्व राजीखुशीचे. ज्याला वर्गणी द्यायची नाही त्याने बाहेर पडावे. २०११ च्या जानेवारीत 'डेली एक्स्प्रेस' आणि 'डेली स्टार' यांच्या मालकांनी नेमके हेच केले. त्या दिवसापासून लाखो वाचकांच्या या पत्रांविरुद्ध तक्रार घेऊन जायला कमिशनचे दारच उरले नाही.

त्याहून बोलका प्रसंग 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा. लोकांच्या दूरध्वनीवर ठेवलेले निरोप चोरून ऐकल्याबद्दल या पत्राचा एक बातमीदार आणि एक खासगी गुप्तहेर यांना २००७ च्या जानेवारीत तुरुंगवास झाला. कमिशनने चौकशी केली. पण ज्याच्या कारकीर्दीत हे घडले तो संपादक राजीनामा देऊन गेला होता; तो आता वृत्तपत्रव्यवसायात नाही, म्हणून त्याला प्रश्न विचारण्याचे कमिशनला कारण वाटले नाही! त्याच्या जागी आलेल्या नव्या संपादकाला विचारले, आणि तो तर त्या वेळी तेथे नव्हताच. २००९ च्या जुलैत 'गार्डियन'ने लिहिले की हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हता, बळी पुष्कळ आहेत. कमिशनने नोव्हेंबरमध्ये अहवाल काढून सांगितले की आमची दिशाभूल झाल्याचा नवा पुरावा दिसत नाही. पुढे २०११ च्या जुलैत, खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा दूरध्वनीही या लोकांनी ऐकला होता, हे उघड झाले. आठवड्याभरात १६८ वर्षांचे ते पत्र मालकांनी बंद केले आणि कमिशनला आपला अहवाल मागे घ्यावा लागला. ज्याला कागदपत्रे मागविण्याचा अधिकार नाही, शपथेवर जबाब घेण्याचा अधिकार नाही, त्याने चौकशी करायची म्हणजे समोरच्याला 'खरे सांग बाबा' असे म्हणण्यासारखे आहे.

न्यायमूर्ती लेव्हसन यांनी २०१२ च्या नोव्हेंबरात यावर मोठा चतुर तोडगा सुचविला. संस्था वृत्तपत्रांनीच काढावी, पण ती खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे तपासणारी दुसरी एक मान्यतासंस्था असावी. जी पत्रे मान्यताप्राप्त संस्थेत येणार नाहीत त्यांना, दावा जिंकला तरी, प्रतिपक्षाचा खर्च भरावा लागू शकेल, असे कलम २०१३ च्या कायद्यात घातलेही गेले. वृत्तपत्रांना हा आपल्या मानेवरचा सुरा वाटला. बहुतेक मोठ्या पत्रांनी २०१४ साली 'इप्सो' नावाची आपली वेगळी संस्था काढली आणि मान्यता मागितलीच नाही. 'गार्डियन' आणि 'फायनान्शियल टाइम्स' तिच्यातही गेले नाहीत. २०१६ साली मान्यता मिळाली ती 'इम्प्रेस' या संस्थेला, आणि तिच्यात बहुतेक छोटी पत्रे. राहता राहिले ते खर्चाचे कलम. ते एक दिवसही अमलात आले नाही, आणि २०२४ साली रद्द झाले.

मग कायद्यानेच परिषद केली असती तर? यासाठी परदेशी जायला नको. ती आपल्या घरी आहे. वृत्तपत्रांसाठी कायदा म्हटला की आपल्याकडे अंगावर शहारा येणे साहजिक आहे. १९१० च्या कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याकडून दंडाधिकारी ५०० ते २,००० रुपयांचा जामीन मागू शकत असे, आणि मजकूर सरकारला खुपला की तो जप्त होई. तरीही स्वतंत्र भारताच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने, ज्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते, १९५४ साली वृत्तपत्र परिषद कायद्यानेच स्थापावी असे सुचविले. १९६५ साली कायदा झाला, १९६६ साली परिषद उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्षपद न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांच्याकडे आले. तिचे पुढे काय झाले? आणीबाणीत एका वटहुकमाने ती मोडीत काढली आणि १ जानेवारी १९७६ पासून ती नाहीशी झाली. ज्या घटकेला वृत्तपत्रांना तिची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्या घटकेला! कायद्याने दिलेला जन्म कायद्याने परत घेता येतो.

१९७८ च्या कायद्याने परिषद पुन्हा आली. अध्यक्ष सोडून २८ सभासद. त्यांतले २० वृत्तपत्रसृष्टीचे, ५ खासदार, आणि साहित्य अकादमी, विद्यापीठ अनुदान मंडळ व बार कौन्सिल यांचा एकेक. कोणत्याही पत्राला 'मी तुझा सभासद नाही' असे म्हणण्याची येथे सोय नाही. शपथेवर साक्ष घेण्याचे, कागदपत्रे मागविण्याचे अधिकार तिला आहेत, आणि बातमीचा उगम सांग अशी सक्ती मात्र ती करू शकत नाही. म्हणजे इंग्लंडच्या कमिशनला जे हवे होते ते सारे आहे. पण निकालाच्या वेळी? समज द्यायची, कानउघाडणी करायची, ठपका ठेवायचा, आणि फार तर तो छापायला सांगायचे. छापला नाही तर काय, याचे उत्तर कायद्यात नाही. वाघ आहे, पण दात काढून ठेवलेला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या तर त्याच्या रानाबाहेरच फिरतात.

दात नसले तरी निदान गुरगुरता येते की नाही, याची परीक्षा २००९ च्या निवडणुकांनंतर झाली. उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती 'बातमी' म्हणून छापण्याचा बाजार उघडा पडला होता. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीतल्या अशा मजकुराविषयी पी. साईनाथ यांनी लिहिले होते. एकच स्तुतिपर मजकूर, शब्दही तेच, निरनिराळ्या पत्रांत निरनिराळ्या नावांनी छापलेला सापडे. अशी बातमी ओळखायची खूण हीच. परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सभासदांची उपसमिती नेमली. त्यांनी पत्रांची नावे घेऊन ७१ पानांचा अहवाल २०१० च्या एप्रिलात तयार केला. जुलैत परिषदेने प्रसिद्ध केला तो मात्र दुसराच, आखूड अहवाल, नावे वगळलेला. मूळ अहवाल संदर्भासाठी दप्तरात! परिषदेत वृत्तपत्रांच्या मालकांना ६ जागा कायद्यानेच दिलेल्या आहेत, हे येथे आठवावे. २०११ च्या सप्टेंबरात केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा ती ७१ पाने लोकांसमोर आली. परिषदेचे तोंड उघडायला दुसरा कायदा, माहितीच्या अधिकाराचा, धावून यावा लागला.

लंडनमध्ये कायदा नव्हता, दिल्लीत होता, आणि दोन्हीकडे अहवाल लिहिताना लेखणी अडखळली ती एकाच धन्यापाशी. म्हणून मला डेन्मार्कची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. तेथल्या १९९१ च्या कायद्याने नियतकालिके आणि नभोवाणी-दूरचित्रवाणी आपोआप परिषदेच्या कक्षेत येतात. परिषदेत संपादक व पत्रकार बसतात, पण अध्यक्ष कायदेपंडित असतो आणि सामान्य जनतेचे प्रतिनिधीही असतात. परिषद दंड करीत नाही, नुकसानभरपाई देववीत नाही, छापण्यापूर्वी मजकूर पाहत नाही. ती फक्त आज्ञा करू शकते की आमचा निर्णय ठळक जागी, स्वतःची टीकाटिप्पणी न जोडता छापा. आणि हे न करणाऱ्यावर खटला होऊन दंड किंवा चार महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. काय लिहावे याबद्दल कोणी तुरुंगात जात नाही. चूक ठरल्यावर ती वाचकाला सांगण्याचे नाकारले तरच जावे लागेल.